पडलेला दुधाचा दात आणि छायाचित्राची साक्ष



ईदच्या आगेमागे, किंवा घरातील लेकराचा नाजिरा कुरआन पूर्ण झाल्याच्या आनंदात, आपल्यापैकी अनेक कुटुंबे छायाचित्र काढून घेण्यासाठी स्टुडिओत जातात. मूल सहा-सात वर्षांचे असेल तर हमखास एक प्रश्न उभा राहतो. मूल मनापासून हसलेले असते आणि त्या हास्याच्या मधोमध एक काळी फट असते. छायाचित्रकार सहजपणे विचारतो, "समोरचा दात भरून देऊ का? दोन मिनिटांचे काम आहे." आई म्हणते, "भरा." दादी म्हणते, "असू द्या, तेवढीच तर गंमत आहे." वडील घड्याळाकडे पाहतात, आणि निर्णय बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याचा होतो.

प्रश्न छोटा आहे. परंतु त्यात सत्य, सौंदर्य आणि मुलाचा हक्क या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. म्हणून तो घाईने हलाल-हराम अशा दोन कप्प्यांत टाकण्यापूर्वी नीट उलगडून पाहू. सजीवांच्या छायाचित्राच्या मूळ मसल्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि काही जण ते केवळ गरजेपुरतेच योग्य मानतात, हे आपण जाणता. ती चर्चा येथे करावयाची नाही. छायाचित्र काढले गेले आहे आणि त्यातील फट भरावी की न भरावी, एवढाच विषय समोर ठेवू.

फट म्हणजे नेमके काय?

ज्या गोष्टीविषयी निवाडा करावयाचा ती गोष्ट आधी समजून घ्यावी, ही फिकहची पहिली शिस्त आहे. मुलाच्या तोंडात दुधाचे वीस दात असतात. साधारण सहाव्या वर्षी ते पडू लागतात. बहुधा आधी खालचे मधले दोन, मग वरचे मधले दोन. हे दात किडून किंवा मोडून पडत नाहीत. हिरडीच्या आत कायमचा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते. आधार संपला की दात हलू लागतो आणि एके दिवशी भाकरीच्या तुकड्याबरोबर हातात येतो. पडलेला दात आपण निरखून पाहिला असेल तर त्याला मूळ जवळजवळ नसतेच, फक्त वरचा शुभ्र भाग असतो. खेड्यांत तो कौलावर भिरकावण्याची जुनी रीत आहे. त्या रूढीमागेही दात गेला याचे दुःख नसून नवा येणार याची वाट पाहणे आहे.

म्हणजे ही फट नुकसानीची खूण नाही. येणाऱ्या दातानेच आपली जागा मोकळी करून घेतलेली असते. वरचा नवा दात दिसू लागण्यास कधी काही आठवडे, तर कधी काही महिने लागतात. तो येतो तेव्हा दुधाच्या दाताहून रुंद, किंचित पिवळसर आणि कडेला बारीक कंगोरे असलेला असतो. वरच्या दोन नव्या दातांमध्येही बरेचदा थोडे अंतर असते आणि सुळे येईपर्यंत, म्हणजे अकरा-बारा वर्षांपर्यंत, ते राहू शकते. तेव्हा पालकांनी हेही ध्यानात ठेवावे की, आज एक फट भरली तर पुढची चार-पाच वर्षे प्रत्येक छायाचित्रात काही ना काही भरावे लागेल.

आपल्या फकीहांनी हा फरक फार पूर्वी ओळखला होता. मूल दुधाचे दात टाकते त्या अवस्थेसाठी अरबीत 'इसगार' असा स्वतंत्र शब्द आहे. कोणी एखाद्याचा दात पाडला तर शरीअतने एका दाताची दियत, म्हणजे भरपाई, पाच उंट ठरविली आहे. परंतु ज्या मुलाचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत त्याचा दात पाडला गेला, तर बहुतेक फकीह म्हणतात की, थांबा आणि वाट पाहा. नवा दात उगवला तर दाताची दियत लागू होत नाही. मुलाला झालेल्या वेदनेच्या भरपाईची चर्चा वेगळी. उगवलाच नाही, तर मात्र ती खरी हानी. याचा अर्थ, एकाच दिसणाऱ्या दोन फटींना कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी मानले: एक उणीव आणि दुसरी अवस्था. पवित्र कुरआनातील सूरह नूहच्या चौदाव्या आयतीत अल्लाहने माणसाला टप्प्याटप्प्याने घडविल्याची आठवण दिली आहे. दुधाच्या दाताची फट हा त्यांपैकीच एक टप्पा आहे.

हा 'निर्मितीत बदल' आहे काय?

या प्रश्नावर काही बंधू लगेच एक प्रसिद्ध हदीस पुढे करतील. माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आलेल्या या हदीसमध्ये, सौंदर्यासाठी दातांमध्ये अंतर पाडून घेणाऱ्या आणि अल्लाहच्या निर्मितीत बदल करणाऱ्या स्त्रियांचा कडक निषेध आहे. दातांचा विषय, निर्मितीत बदलाचा विषय. मग निकाल लागलाच, असे वाटेल. पण जरा थांबावे.

त्या काळी वय झालेल्या काही स्त्रिया समोरचे दात कानशीने घासून त्यांच्यात बारीक अंतर पाडून घेत. कारण असे अंतर तरुणपणी दिसते आणि वयाबरोबर नाहीसे होते, असे मानले जाई. इमाम नववी यांनी या हदीसचा अर्थ उलगडताना दोन बाबी स्पष्ट केल्या आहेत. निषेध केवळ सौंदर्याच्या हव्यासासाठी केलेल्या बदलाचा आहे. उपचारासाठी किंवा दातातील दोष दूर करण्यासाठी तसे करावे लागले तर हरकत नाही. आणि निषेधाच्या कारणांत शरीराच्या फेरफाराबरोबरच फसवणूकही आहे. याच्या जोडीला माननीय अर्फजा बिन असअद (रजि.) यांचा प्रसंग ठेवावा. इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांना सोने निषिद्ध असतानाही ही मुभा मिळाली. अबू दाऊद आणि तिरमिजी यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. हरवलेले भरून काढणे हा स्वतः गुन्हा नाही, हे यावरून दिसते.

छायाचित्रात दात भरल्याने मुलाच्या शरीराला कोणी हात लावीत नाही. कानस नाही, वेदना नाही, हिरडी जशीच्या तशी आहे. म्हणून ही हदीस या मसल्याला सरळ लागू करून 'निर्मितीत बदल' असा शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. जे हराम नाही त्याला हराम म्हणणे हाही मोठा दोष आहे. मात्र हदीसमागील दुसरे कारण, म्हणजे फसवणूक, येथे उरतेच. तेव्हा खरा प्रश्न शरीराचा नसून साक्षीचा आहे.

दात भरतात कसा?

येथे कामाची पद्धत समजून घेतली पाहिजे. कारण निवाड्याची गुरुकिल्ली तिच्यातच आहे. फिल्मच्या जमान्यातही फट भरता येत असे. निगेटिव्हवर अंधार पारदर्शक दिसतो. कारागीर त्या पारदर्शक ठिकाणी टोकदार पेन्सिलीने हलके रंगवीत असे आणि कागदावर छापताना तेथे दातासारखा उजळ ठिपका उमटे. चेहऱ्यावरील सुरकुत्याही याच रीतीने पुसल्या जात. आज संगणकावर चित्र मोठे करतात, शेजारच्या दाताची नक्कल घेतात, ती आरशातील प्रतिमेसारखी उलटवून फटीत बसवितात, कडा गडद करतात, हिरडीची रेघ ओढतात आणि सांधा पुसट करतात.

काम घाईचे असेल तर ते ओळखूही येते. प्रकाश एका बाजूने आलेला असेल तर दोन्ही खऱ्या दातांवरील चमक एकाच बाजूला असते. उलटवून बसविलेल्या दातावर मात्र ती विरुद्ध बाजूला जाते. दोन्ही दातांचे कंगोरे अगदी तंतोतंत जुळतात, जे खऱ्या तोंडात सहसा घडत नाही. कधी भरलेला दात जास्त पांढरा होतो, कधी दातांच्या मधली रेघ नाकाच्या सरळ रेषेतून सरकते. आणि त्याच दिवशी चाचांनी मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात फट तशीच असते. मग दोन चित्रे एकमेकांना खोटे पाडतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सात वर्षे तीन महिन्यांची एक मुलगी आहे. तिचे खालचे मधले दोन्ही दात पडून नवे आले आहेत. वरचा उजवा मधला दात दोन आठवड्यांपूर्वी पडला. डावा दुधाचाच आहे आणि हलतो आहे. कारागीर त्या डाव्या दुधाच्या दाताची नक्कल उजवीकडे बसवितो. जे चित्र तयार झाले ते दोन आठवड्यांपूर्वीच्या मुलीसारखे आहे. आता दुसरी स्थिती पाहा. डावा दात आधी पडून तेथे कायमचा दात पूर्ण आला आहे आणि उजवा आत्ता पडला. कारागीर त्या नव्या, रुंद दाताची नक्कल बसवितो. आता चित्रातील मुलीला तो दात आहे, जो तिला कदाचित काही महिन्यांनी येईल. आणि तो सरळ येईल की तिरपा, हे केवळ अल्लाहच जाणतो. पहिल्या चित्रात मुलगी आहे त्याहून लहान झाली, दुसऱ्यात मोठी. फट भरणारा माणूस दात भरतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो मुलीचे वय निवडतो. आणि त्याने निवडलेला दात ना पडलेला दुधाचा दात असतो, ना येणारा कायमचा. असा दात तिच्या तोंडात कधीच नव्हता आणि कधी असणारही नाही.

वयाचा हा मुद्दा आपल्या परंपरेला परका नाही. मक्का विजयाच्या दिवशी माननीय अबू बक्र (रजि.) यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना आणले गेले, तेव्हा त्यांचे केस आणि दाढी पांढरीशुभ्र होती. प्रेषित (स.) यांनी तो रंग बदलण्यास सांगितले, पण काळ्या रंगापासून दूर राहण्यासही सांगितले. मेंदी लावलेली तांबूस दाढी कोणाला तरुण भासवत नाही, काळी भासवते. अनेक उलेमांनी काळ्या रंगाच्या नापसंतीमागे हेच कारण सांगितले आहे की, त्यात वय लपविले जाते. शोभा करण्यास मनाई नाही. पण शोभेने वयाविषयी खोटी साक्ष देऊ नये, ही रेषा येथेही उपयोगी पडते.

फसवणूक नेमकी कोणाची?

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, "मौलाना, छायाचित्रासाठी आम्ही मुलीचे केस विंचरतो, नवे कपडे घालतो, नाक पुसतो. तेही दाखविणेच नव्हे काय?" आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर असे की, केस खरोखर विंचरले गेले, कपडे खरोखर घातले गेले. त्या क्षणी मुलगी तशीच उभी होती आणि कॅमेऱ्याने जे पाहिले ते सांगितले. दात मात्र कॅमेऱ्याने पाहिला नाही. तो नंतर त्याच्या तोंडी घातला गेला. साक्षीदाराला स्वच्छ कपडे घालून न्यायालयात नेणे वेगळे आणि साक्ष नोंदवून झाल्यावर तिच्यात एक ओळ वाढविणे वेगळे.

तरीही प्रत्येक वाढविलेली ओळ गुन्हा ठरत नाही. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आतून ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. येथे फसवणूक कशाने झाली? ग्राहक त्या राशीवर विश्वासून पैसे देणार होता आणि ओल जाणून घेण्याचा त्याला हक्क होता. म्हणून छायाचित्राविषयीही हाच प्रश्न विचारावा: यावर विश्वासून कोण काय ठरविणार आहे?

शाळेचे ओळखपत्र, पारपत्र, सरकारी कागद यांचे उत्तर सोपे आहे. तेथे चित्र ओळख पटविण्यासाठीच असते, म्हणून त्यात काहीही भरू नये. पारपत्राच्या चित्रात तर तोंड मिटलेलेच असावे लागते. फटीचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसऱ्या टोकाला, फुफूला पाठविलेली ईदची शुभेच्छा आहे. तिला भाचीचा दात पडल्याचे ठाऊक आहे. ती त्यावर विसंबून कोणताही व्यवहार करणार नाही. तेथे भरलेला दात हा नटवेपणा झाला, धान्याच्या राशीतील ओल नव्हे.

पण घरच्या छायाचित्राचा एक पाहणारा आपण विसरतो. वीस वर्षांनी ते चित्र हातात घेणारी ती मुलगीच असेल. सातव्या वर्षी आपण कसे दिसत होतो, हे तिला आठवत नसेल. आपल्यापैकी कोणाला आठवते? बालपणाचा चेहरा आपण छायाचित्रांवरूनच ओळखतो आणि पुढे तीच आपली आठवण होते. त्या चित्रावर पूर्ण विश्वास ठेवणारी, त्यातील सत्यावर हक्क असणारी आणि तपासून पाहण्याचे दुसरे साधन नसणारी व्यक्ती तीच आहे. आई-वडील तिच्या बालपणाचे अमानतदार आहेत. अमानत परत करताना ती जशी मिळाली तशी द्यावी, हा नियम दागिन्यांपुरताच नसावा.

मूल काय शिकते?

आता आजच्या मुलाकडे वळू. प्रेषित (स.) यांनी मुलांना सातव्या वर्षी नमाजची आज्ञा करण्यास सांगितले आहे. भल्या-बुऱ्याची समज याच सुमारास येऊ लागते. म्हणजे दात पडण्याचे वय आणि समज उगवण्याचे वय जवळजवळ एकच आहे. या वयाच्या बहुतेक मुलांना पडलेल्या दाताची लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. ती फटीतून जीभ बाहेर काढून दाखवितात, मदरशात कोणाचे किती पडले याची मोजदाद करतात. मग घरी छापील चित्र येते. मूल ते हातात घेते आणि सर्वांत आधी आपले तोंड पाहते. दात आहे! ते विचारते, "अम्मी, माझा दात तर पडला होता ना?" या प्रश्नाला आई जे उत्तर देईल, तोच या मसल्याचा गाभा आहे. "असे छान दिसते म्हणून भरला," असे खरे उत्तर दिले तर मुलाला कळते की, जसे मी आहे तसे छान दिसत नव्हते. "नाही रे, तेव्हा पडला नव्हता," असे सांगितले तर ते सरळ खोटे झाले.

याबाबत एक हदीस अबू दाऊदमध्ये आहे. माननीय अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने त्यांना काही देण्याचे सांगून जवळ बोलाविले. घरात बसलेल्या प्रेषित (स.) यांनी काय देणार आहात, असे विचारले. खजूर देणार असल्याचे तिने सांगितले. तेव्हा त्यांनी समज दिली की, काहीच दिले नसते तर तिच्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. लहानग्याशी बोललेल्या किरकोळ शब्दाचाही हिशेब आहे, ही गोष्ट आपण या फटीच्या संदर्भात लक्षात ठेवावी.

याचा परिणाम पुढच्या छायाचित्रात दिसतो. ज्या मुलाला आपली फट झाकण्यासारखी आहे हे कळले, ते कॅमेऱ्यासमोर ओठ मिटून हसू लागते. एक दात मिळविण्यासाठी आपण पूर्ण हास्य गमावलेले असते.

कोठे वेगळा विचार करावा?

प्रत्येक फट सारखी नसते. तीन-चार वर्षांचे मूल पायऱ्यांवरून पडून समोरचा दात गमावते, किंवा किडीमुळे तो काढावा लागतो. नवा दात सातव्या-आठव्या वर्षीच येणार असतो. ही फट वाढीचा टप्पा नसून आघाताची आठवण असते, आणि मुलाला किंवा आईला ती पुन्हा पुन्हा पाहवत नसेल तर तेथे अर्फजा (रजि.) यांच्या प्रसंगातील सवलत अधिक जवळची वाटते. तसेच एखादे मूल वर्गातील चिडवण्याने खचले असेल आणि स्वतःहून म्हणत असेल की, माझा दात काढून दाखवू नका, तर त्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. पालकांचा अधिकार मुलाच्या हितासाठी आहे. अशा वेळी ओठ मिटून, मंद स्मित करून चित्र घ्यावे; त्यात खोटे काहीच नाही. तरीही भरायचेच ठरले तर मुलाला सांगून भरावे आणि मूळ चित्र जपून ठेवावे.

छायाचित्रकारांत एक व्यवहारी नियम प्रचलित आहे: पुटकुळी, ओरखडा यांसारखे जे दोन आठवड्यांत जाणार ते पुसावे, तीळ, जन्मखूण यांसारखे जे राहणार ते ठेवावे. नियम चांगला आहे, पण दुधाच्या दाताची फट त्यात बसत नाही. ती काही महिने राहते आणि मग जाते. म्हणून मला काळाऐवजी वेगळी कसोटी योग्य वाटते. जी गोष्ट त्या दिवशी अपघाताने चेहऱ्यावर आली, म्हणजे गालावरचा डास चावल्याचा फुगवटा, पसरलेले काजळ, ओठावरचा शिरखुर्म्याचा थेंब, ती पुसली तर मुलाविषयी काहीच खोटे सांगितले जात नाही. परंतु जी गोष्ट त्या वयाचीच आहे, जिच्यावरून 'हे सातव्या वर्षीचे' असे ओळखता येते, ती राहू द्यावी.

सारांश

माझ्या अल्पमतीनुसार, घरच्या चित्रात दुधाच्या दाताची फट भरणे हे हराम ठरविण्याइतके गंभीर नाही. ज्यांनी भरली त्यांना दोष देत बसू नये. कागदपत्रांत ती भरू नये. घरच्या आठवणीसाठी मात्र ती न भरणेच अधिक चांगले आणि अमानतीला अधिक साजेसे आहे. स्टुडिओत पाऊल टाकतानाच छायाचित्रकाराला सांगून ठेवावे की, दात जसे आहेत तसे राहू द्या. कारण काही ठिकाणी न विचारताही भरले जातात. आधीच भरून झाले असतील तर मूळ प्रत मागून घ्यावी. चित्राच्या मागे तारीख आणि एक ओळ लिहावी: वरचा उजवा दात अमुक दिवशी पडला. नवा दात आला की तोही दिवस त्याखाली लिहावा.

अल्लाह आपल्याला आपल्या लेकरांच्या अमानती जशाच्या तशा सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन. वल्लाहु आलम.